‘करावे’ न लिहिता काम कसं सोपवायचं: मीटिंगचा सारांश पुन्हा लिहिताना

टीममध्ये नवीन माणूस आला की मीटिंगचा सारांश लिहायचं काम बहुतेक वेळा त्याच्याच गळ्यात पडतं. कोण काय बोललं ते टिपायचं, नीट मांडायचं आणि सगळ्यांना मेल करायचा, एवढंच तर असतं. गाडी अडते ती शेवटच्या भागात, जिथे कोणी काय करायचं ते लिहायचं असतं. लिहिणारा सगळ्यांत कनिष्ठ, आणि वाक्यं मात्र सगळ्यांना काम सांगणारी. मग एक तर परिपत्रकाची भाषा येते, ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’ थाटाची. नाहीतर इतकी नरमाई येते की वाचणाऱ्याला आपल्याला काही करायचं आहे हेच कळत नाही.

वाक्यात स्पष्टपणा आणि हुकूम एकाच जागी नसतात. स्पष्टपणा असतो नावात, हातात काय पडणार आहे त्यात आणि तारखेत. हुकूम बसलेला असतो क्रियापदात. म्हणून मऊ करायचं ते क्रियापद. नाव आणि तारीख जशीच्या तशी ठेवायची. नवीन लोक बरोबर उलटं करतात: ‘द्यावे’ तसंच राहतं आणि ‘शुक्रवार’चं ‘शक्य तितक्या लवकर’ होतं. त्यामुळे वाक्य रागीटही वाटतं आणि पुसटही.

हे एका उदाहरणावर करून बघू. नावं आणि प्रसंग नमुन्यापुरते आहेत.

मसुदा

ग्राहकांना तक्रार नोंदवता यावी म्हणून वेबसाइटवर नवीन फॉर्म आणायचा आहे. ९ जूनला, मंगळवारी मीटिंग झाली. स्नेहा डिझाइन करते, इम्रान ते वेबसाइटवर बसवतो, कुलकर्णी सर ग्राहक सेवा विभागाचे प्रमुख आहेत. मजकूर तपासणाऱ्या रोहिणी मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या. सारांश लिहितोय अमोल, नुकताच रुजू झालेला. त्याचा पहिला मसुदा असा:

> स्नेहाने फॉर्मचे अंतिम डिझाइन तातडीने द्यावे.
> इम्रानने सर्व्हरचे काम बघून घेणे.
> कुलकर्णी सरांनी तक्रारींच्या प्रकारांची यादी पाठवावी ही नम्र विनंती.
> रोहिणी मॅडमनी मजकूर तपासावा. उशीर चालणार नाही.
> चाचणी लवकरात लवकर करण्यात यावी.
> सर्वांनी नोंद घ्यावी.

अमोलला कोणावर हुकूम गाजवायचा नव्हता. त्याने ऑफिसातले जुने मेल पाहिले आणि त्यांतली भाषा उचलली. पण हा मेल स्नेहाने उघडला की तिच्या मनात पहिला प्रश्न येणार, ‘हा कोण मला सांगणारा?’ आणि दुसरा, ‘तातडीने म्हणजे कधी?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी द्यायची आहेत.

पायरी १: आधी टिपणांकडे परत जा

शब्द बदलायला घेण्याआधी वही उघडा आणि प्रत्येक कामाबाबत मीटिंगमध्ये खरोखर काय झालं ते बघा. अमोलच्या वहीत हे होतं:

स्नेहा म्हणाली, ‘शुक्रवारपर्यंत देते, मोबाइलचं पण देते.’ इम्रान म्हणाला, ‘डिझाइन आलं की मला दोन दिवस लागतील.’ कुलकर्णी सर म्हणाले, ‘यादी आहे आमच्याकडे, जुनी आहे, नीट करून पाठवतो.’ मजकुराचा विषय निघाला तेव्हा इम्रान म्हणाला, ‘ते रोहिणी मॅडम बघतील की.’ चाचणी हवी यावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय पुढे सरकला. फॉर्म २२ जूनला, सोमवारी सुरू करायचा हे सरांनी जाहीर केलं.

आता मसुद्याशी ताडून बघा. स्नेहाने स्वतःहून काम घेतलं होतं, दिवसही तिनेच सांगितला होता, आणि मसुद्यात तिला ‘तातडीने द्यावे’ असं बजावलंय. ज्याने आपणहून शब्द दिला त्याला तेच काम हुकूम म्हणून परत मिळालं की चिडचिड होणारच. सारांशातला अधिकारवाणीचा सूर बहुतेकदा इथून येतो: माणसाने दिलेला शब्द लिहिणाऱ्याने दिलेल्या आज्ञेत बदलून टाकला जातो.

म्हणून प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलने एक खूण करा. काम कोणी स्वतः घेतलं का, सगळ्यांनी मिळून ठरवलं का, की नुसतं बोलून झालं? स्नेहाचं, इम्रानचं आणि सरांचं काम ‘घेतलेलं’ आहे. २२ जून ‘ठरलेलं’ आहे. चाचणी ‘नुसतं बोलून झालं’ या खात्यात जाते, आणि रोहिणी मॅडमचं कामही त्याच खात्यात, कारण त्यांना अजून कोणी विचारलेलंच नाही. ही खूण चुकली तर पुढे कितीही गोड शब्द वापरा, ओळ खोटीच राहते.

पायरी २: क्रियापद

इथे थोडं थांबू, कारण सगळी गंमत इथेच आहे.

‘द्यावे’, ‘पाठवावी’, ‘तपासावा’. बोलताना हे रूप सल्ल्यासारखं किंवा इच्छेसारखं वाटू शकतं. पण कागदावर, ‘-ने’ किंवा ‘-नी’ लावलेल्या नावाबरोबर आलं की ते नोटीस बोर्डावरचं होतं. ‘स्नेहाने डिझाइन द्यावे’ वाचताना वर बसलेला आणि खाली उभा असलेला असे दोघं दिसतात. सारांश लिहिणाऱ्याला त्या वरच्या खुर्चीत बसायचं काही कारण नाही.

‘घेणे’, ‘पाठवणे’ हे रूप दोन तऱ्हांनी वागतं. तक्त्यात ‘काम’ या रकान्याखाली ‘डिझाइन पाठवणे’ लिहिलं तर ते नुसतं कामाचं नाव असतं, त्यात कोणाला काही टोचत नाही. तेच ‘इम्रानने बघून घेणे’ झालं की आदेश. फरक पडतो तो ‘-ने’ मुळे. तक्ता करणार असाल तर ‘-णे’ खुशाल वापरा, फक्त नाव वेगळ्या रकान्यात ठेवा.

‘करण्यात यावी’ला माझ्या मते सारांशात थाराच देऊ नये. ते कडकही आहे आणि त्यात माणूसही नाही. ‘चाचणी करण्यात यावी’ वाचून प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघतो. लिहिणाऱ्यालाही त्यातून पळवाट मिळते, कारण कोणाचं नाव ठरलं नव्हतं ही गोष्ट त्या रूपाआड लपून जाते.

‘द्यायचं आहे’ बरं वाटतं, पण ‘स्नेहाला डिझाइन बदलायचं आहे’ याचा अर्थ तिला बदलावं लागणार आहे की तिची तशी इच्छा आहे? ऐकताना सुरावरून कळतं, वाचताना नाही. शंका राहील तिथे टाळा.

‘देईल’, ‘पाठवेल’ यांतही एक खोच आहे. ‘इम्रान पाठवेल’ म्हणताना आपण कधीकधी अंदाज करत असतो, ‘पाठवेल बहुतेक’ या अर्थाने. शिवाय दुसऱ्याच्या नावावर परस्पर काम टाकतानाही आपण हेच रूप वापरतो. वहीतलं ‘रोहिणी मॅडम बघतील की’ आठवा.

उरतं ‘देणार आहे’. ‘स्नेहा शुक्रवारी डिझाइन देणार आहे.’ यात हुकूम नाही आणि अंदाजही नाही. झालेल्या गोष्टीची ही बातमी आहे: तिने सांगितलं, मी नोंदवलं. तिने ‘देते’ म्हटलं होतं, त्याच्या हे सगळ्यांत जवळ जातं. मेलमध्ये एक-दोनच कामं असतील तर हेच रूप वापरा.

कामं चार-पाच झाली की ‘देणार आहे, पाठवणार आहे, बसवणार आहे’ ची रांग लागते. शिवाय स्नेहा ‘आहे’ आणि सर ‘आहेत’ असं प्रत्येक ओळीत मानाचं मोजमाप दिसत राहतं. तिथे क्रियापदच काढून टाका आणि ‘कडे’ वापरा:

> स्नेहाकडे: फॉर्मचं अंतिम डिझाइन
> कुलकर्णी सरांकडे: तक्रारींच्या प्रकारांची यादी

‘माझ्याकडे काय आलंय?’ असंच तर आपण एकमेकांना विचारतो. क्रियापद नाही, म्हणून आज्ञाही नाही. आणि नाव ओळीच्या सुरुवातीलाच असल्यामुळे ज्याची ओळ त्याला लगेच सापडते.

प्रश्नाच्या रूपाचं काय? ‘स्नेहा, शुक्रवारपर्यंत देशील का?’ हे एकट्या स्नेहाला पाठवलेल्या निरोपात चांगलं. सगळ्यांना जाणाऱ्या सारांशात नको. जे ठरलंय ते पुन्हा विचारल्यासारखं होतं, आणि चार लोकांसमोर ‘नाही’ म्हणणं तिला अवघड जातं. म्हणजे वरून विनंती, आतून कोंडी.

पायरी ३: हातात काय पडणार आणि कधी

क्रियापद गेलं की काम कशाचं आहे ते नामाने सांगावं लागतं, आणि तिथे मसुद्यातला पोकळपणा उघडा पडतो. ‘सर्व्हरचे काम बघून घेणे’ यातून ‘बघून घेणे’ काढा. काय उरलं? ‘सर्व्हरचे काम’. म्हणजे काय ते इम्रानलाही सांगता येणार नाही. मराठीत ‘बघणे’ फार सोयीचं क्रियापद आहे: ‘बघतो’, ‘बघून घे’, ‘जरा बघशील का’. बोलताना चालतं, कारण समोरचा उलट विचारू शकतो. लिहिताना त्याच्या जागी अशी वस्तू ठेवा की ती आली की नाही हे तिसरा माणूस पाहून सांगू शकेल. इम्रानच्या बाबतीत: ‘चाचणीच्या साइटवर चालू झालेला फॉर्म’. स्नेहाच्या बाबतीत नुसतं ‘डिझाइन’ पुरत नाही, कारण ती मोबाइलचंही देते म्हणाली होती. ते लिहिलं नाही तर शुक्रवारी कॉम्प्युटरचं डिझाइन येईल आणि ‘मोबाइलचं राहिलं’ यावर सोमवार जाईल.

वेळेचं सोपं आहे. वार आणि तारीख दोन्ही लिहा, म्हणजे एक चुकलं तर दुसऱ्यावरून कळतं. ‘पर्यंत’च्या आधी वेळ घाला, कारण ‘शुक्रवारपर्यंत’ म्हणजे कोणाला शुक्रवारी सकाळी वाटतं, कोणाला रात्री बारा. ‘उद्या’ आणि ‘परवा’ सारांशात नकोत. मेल कोण कधी उघडेल सांगता येत नाही, आणि ‘परवा’ तर मागेही जातो आणि पुढेही.

वहीत तारीख नसेल तर? सर ‘पाठवतो’ म्हणाले, कधी ते म्हणाले नाहीत. इथे दोन मोह होतात. एक म्हणजे आपणच तारीख टाकून द्यायची, दुसरा म्हणजे ‘लवकरात लवकर’ लिहून मोकळं व्हायचं. पहिल्याने आपण खरंच त्यांचे साहेब होतो, दुसऱ्याने काम अधांतरी राहतं. त्यापेक्षा मेल पाठवण्याआधी सरांना गाठून विचारा, आणि विचारताना पुढचं काम कुठे अडेल ते सांगा: ‘सर, इम्रान सोमवारी सकाळी फॉर्म बसवायला घेणार आहे, त्यात प्रकारांची यादी लागेल. सोमवारी अकराच्या आत मिळाली तर चालेल का, की तुम्हाला आणखी वेळ हवा?’ सर ‘चालेल’ म्हणाले की ती तारीख त्यांची झाली. आता ती बिनधास्त लिहा.

पायरी ४: गोड शब्द काढा, कारण घाला

मसुद्यातले सगळे सजावटीचे शब्द एकदा खोडून बघा: तातडीने, नम्र विनंती, उशीर चालणार नाही, लवकरात लवकर. प्रत्येकाच्या मागे एक खरी माहिती होती आणि ती शब्दाने झाकली होती. ‘तातडीने’च्या मागे होतं, ‘सोमवारी इम्रान सुरू करणार आहे.’ ‘उशीर चालणार नाही’च्या मागे होतं, ‘२२ जूनला फॉर्म सुरू होतोय.’ शब्दाऐवजी ती माहितीच लिहा. ‘शुक्रवार १२ जून, संध्याकाळी ५ पर्यंत, कारण इम्रान सोमवारी सकाळी त्यावर काम सुरू करणार आहे’ हे वाचून स्नेहाला घाई का आहे ते कळतं, आणि तिला घाई करायला कोणी सांगितलंय असंही वाटत नाही. कारण प्रत्येक ओळीत नको. जिथे तारीख आवळ वाटेल तिथेच पुरे.

‘जमल्यास’ आणि ‘शक्य असल्यास’ यांच्याबाबत माझं मत कडक आहे: जे काम झालंच पाहिजे त्याला हे शब्द लावू नका. वाचणारा ते शब्दशः घेतो आणि त्याचं बरोबरच असतं. काम खरोखर ऐच्छिक असेल तर मात्र जरूर लिहा, आणि अशा कामांचा वेगळा गट करा.

‘कृपया’ मेलमध्ये एकदा आलं तर ठीक. सहा ओळींत सहा वेळा आलं की ते दात-ओठ खाऊन म्हटल्यासारखं वाचलं जातं. ‘कडे’च्या साच्यात ‘कृपया’ला जागाच नाही, हा आणखी एक फायदा.

आणि मसुद्यातली ‘नम्र विनंती’ फक्त सरांच्या ओळीत होती, तिकडे बघा. अमोलने ती आदराने घातली. पण पंगतीत एकाच पानावर तूप वाढलं की बाकीच्यांना आपली पोळी कोरडी आहे हे तेव्हा कळतं. सरांना विनंती म्हटल्यामुळे स्नेहा आणि इम्रानच्या ओळी आपोआप हुकूम झाल्या. साचा सगळ्यांना एकच ठेवा. ‘सर’, ‘मॅडम’ हे जसे ऑफिसात म्हणता तसेच राहू द्या, त्यात काही बिघडत नाही. आदर नावापाशी दाखवा, कामाचं वाक्य समान असू द्या. क्रमही हुद्द्याने लावू नका, तारखेने लावा.

पायरी ५: जे मीटिंगला नव्हते

रोहिणी मॅडम रजेवर होत्या. त्यांच्या नावापुढे ‘कडे’ लिहायचा अधिकार अजून कोणालाच नाही. रजेवरून परत आल्यावर मेलमध्ये आपलं नाव, समोर काम आणि तारीख, आणि वर ‘उशीर चालणार नाही’ पाहणाऱ्या माणसाची अवस्था डोळ्यांसमोर आणा. इथे शब्द बदलून भागत नाही. आधी विचारावंच लागतं. अमोलने त्यांना वेगळा निरोप पाठवावा:

> रोहिणी मॅडम, नमस्कार. मी अमोल. तक्रार फॉर्मच्या आजच्या मीटिंगमध्ये फॉर्मवरचा मजकूर तुमच्या नजरेखालून जावा असं निघालं. साधारण एक पान आहे. इम्रानला तो सोमवारी १५ तारखेला संध्याकाळपर्यंत लागेल. तुम्हाला हे घेता येईल का? नसेल तर कोणाला विचारू तेही सांगा.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ‘नाही’ म्हणायला वाट मोकळी ठेवली की ‘हो’ला वजन येतं. आणि ‘साधारण एक पान’ हेही: किती काम आहे हे न सांगता विचारलेली विनंती भरमसाट वाटते.

उत्तर येईपर्यंत सारांश अडवून ठेवायची गरज नाही. तिथे ‘अजून विचारायचं आहे’ असा छोटा भाग करा आणि त्या भागातही एक नाव ठेवा. काम मॅडमचं नाही, विचारणं मात्र अमोलचं आहे.

चाचणीचंही तसंच. कोणीच घेतलेली नाही, तर तसंच लिहा. अमोलला ती जमण्यासारखी असेल तर इम्रानला विचारून स्वतःच घ्यावी, हे उत्तम. सारांश लिहिणाऱ्याचं नाव यादीत इतरांसारखंच, त्याच साच्यात आलं की हा वरून काम वाटणारा नाही हे न सांगता कळतं.

पायरी ६: वरचं आणि खालचं वाक्य

यादीला शीर्षक द्या ‘कोणाकडे काय’ किंवा ‘ठरलेली कामं’. ‘सूचना’ लिहिलं की खालच्या सगळ्या ओळी पुन्हा आज्ञा होतात, केलेल्या मेहनतीवर पाणी पडतं.

शेवटी ‘सर्वांनी नोंद घ्यावी’ काढून टाका. त्याऐवजी दुरुस्तीची वाट द्या, तीही वेळेसकट. ‘हरकत न आल्यास मान्य समजले जाईल’ असं मात्र नको. त्याचा अर्थ व्यवहारात तोच असला तरी ते वकिलाच्या नोटिशीसारखं वाजतं. ‘माझ्या ऐकण्यात काही राहिलं असेल तर सांगा’ यात चूक झालीच तर ती लिहिणाऱ्याची ठरते, आणि समोरच्याला दुरुस्ती सांगणं सोपं जातं.

पुन्हा लिहिलेला सारांश

> विषय: तक्रार फॉर्म, ९ जूनची मीटिंग: कोणाकडे काय
>
> नमस्कार,
> नवीन तक्रार फॉर्म सोमवारी २२ जूनला सुरू करायचं ठरलं. त्यासाठी ठरलेली कामं तारखेच्या क्रमाने:
>
> स्नेहाकडे: फॉर्मचं अंतिम डिझाइन, मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्हींसाठी. शुक्रवार १२ जून, संध्याकाळी ५ पर्यंत (इम्रान सोमवारी सकाळी त्यावर काम सुरू करणार आहे).
>
> कुलकर्णी सरांकडे: तक्रारींच्या प्रकारांची सुधारित यादी. सोमवार १५ जून, सकाळी ११ पर्यंत.
>
> इम्रानकडे: चाचणीच्या साइटवर चालू झालेला फॉर्म. बुधवार १७ जून, दुपारी १ पर्यंत.
>
> अमोलकडे: मोबाइल आणि कॉम्प्युटरवर फॉर्म भरून चाचणी, सापडलेल्या चुकांची यादी इम्रानला. गुरुवार १८ जून, संध्याकाळी ५ पर्यंत.
>
> अजून विचारायचं आहे: फॉर्मवरचा मजकूर तपासणं. रोहिणी मॅडमना घेता येईल का ते मी विचारलं आहे, गुरुवारी ११ तारखेला कळवतो.
>
> माझ्या ऐकण्यात काही चुकलं किंवा राहिलं असेल तर बुधवारी १० तारखेला दुपारी १२ पर्यंत सांगा, दुरुस्त करून पुन्हा पाठवतो.
> अमोल

इम्रान ‘दोन दिवस’ म्हणाला होता आणि त्याची वेळ बुधवार दुपारची आहे. सोमवार आणि मंगळवार त्याचे, आणि मजकूर सोमवारी संध्याकाळी येईल असं धरून तो घालायला अर्धा दिवस. ही वेळ अमोलने मनाने टाकलेली नाही, मेल पाठवण्याआधी इम्रानला विचारून घेतली. चाचणी गुरुवारी संपली की चुका दुरुस्त करायला शुक्रवार हातात राहतो. तारखा अशा एकाखाली एक लावल्या की एखादी साखळीत बसत नसेल तर लिहितानाच दिसतं. मसुद्यात ते दिसायची सोयच नव्हती.

पाठवण्याआधी

दोन गोष्टी करून बघा. प्रत्येक ओळीत दुसऱ्याच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव घाला आणि मोठ्याने वाचा. ‘अमोलने तातडीने द्यावे’ वाचताना खटकलं तर स्नेहालाही खटकणार. मग प्रत्येक ओळ एकटी वाचा, बाकीचा मेल झाकून. कोण, काय, कधी हे त्या एका ओळीतून कळलं पाहिजे, कारण बहुतेक लोक आपलीच ओळ वाचतात.

पाठवल्यानंतर काय चुकलं ते उत्तरांवरून कळतं. ‘हे मी कधी म्हटलं?’ असं आलं तर पायरी १ मध्ये गडबड आहे, न घेतलेलं काम घेतलेलं म्हणून लिहिलंत. ‘म्हणजे नक्की काय हवंय?’ आलं तर वस्तू पुसट आहे. कोणी तुम्हाला उत्तर न देता थेट तुमच्या साहेबांना लिहिलं, तर मेलचा सूर टोचलेला आहे. मेल पुन्हा वाचा आणि ‘-ने’ आणि ‘-वे’ शोधा. सगळे गप्प राहिले आणि तारखेला काहीच आलं नाही, तर बहुधा नरमाई तारखेत शिरली होती.

काही ठिकाणी हा साचा चालवू नये. साहेबांनी खरोखरच आदेश दिला असेल, किंवा सुरक्षिततेचा अथवा कायद्याचा नियम असेल, तर त्याला सगळ्यांनी मिळून ठरवल्याचं रूप देणं ही फसवणूक आहे. तिथे आदेश आदेशासारखाच लिहा, पण ज्याचा आहे त्याच्या नावाने: ‘कुलकर्णी सरांनी सांगितलं आहे की ग्राहकांचे फोन नंबर चाचणीसाठी वापरायचे नाहीत.’ तुम्ही निरोप पोचवताय, एवढंच त्यातून दिसतं. आणि ऑफिसचा ठरलेला नमुना ‘करावे’चाच असेल, इतिवृत्ताच्या वहीत तसंच लिहायची रीत असेल, तर वहीत तसं लिहा आणि लोकांना जाणाऱ्या मेलमध्ये ‘कडे’ वापरा.

पुढे तारीख बदलली, समजा स्नेहाने शुक्रवारचं सोमवार केलं, तर संपूर्ण सारांश नव्याने फिरवू नका. त्याच मेलला उत्तर म्हणून तेवढीच एक ओळ पाठवा, आणि तिच्यामुळे खालची कोणती तारीख हलते ते ज्याची आहे त्याला विचारून मग लिहा: ‘बदल: स्नेहाकडे, डिझाइन, सोमवार १५ जून, सकाळी ११ पर्यंत. त्यामुळे इम्रानचा फॉर्म बुधवारी दुपारऐवजी संध्याकाळी ६ पर्यंत. दोघांशी बोलणं झालं आहे.’